गुलालाचा शॉट आणि तीन एक्स्पोर्ट: वेब, फेस्टिव्हल आणि टीव्हीसाठी फिल्म कशी काढायची

एडिट लॉक झाला, ग्रेडिंग झालं, साउंड मिक्स हातात आला की कोल्हापुरातल्या नव्या एडिटरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, कुठल्या सेटिंगवर एक्स्पोर्ट मारू?" याला एका ओळीत उत्तर देता येत नाही. यूट्यूब, थिएटरचा प्रोजेक्टर आणि चॅनेलचा सर्व्हर तुमची फाइल तीन वेगळ्या पद्धतींनी वाचतात, आणि चित्र बिघडलं तर ते तिन्हीकडे वेगळ्या पद्धतीनं बिघडतं. म्हणून इथे एकच फिल्म घेऊन तिची तिन्ही कामं शेवटपर्यंत करू.

समजा, जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या सासनकाठ्यांवर तुम्ही १८ मिनिटांची डॉक्युमेंटरी केली आहे. शूटिंग यूएचडीमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६०, आणि २५ फ्रेमवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे २५ फ्रेम आणि पन्नासावा शटर ठेवला की ट्यूबलाइट लुकलुकत नाहीत, म्हणून २५ हा इथे बरोबरच निर्णय. एडिट करताना तुम्ही वरखाली काळ्या पट्ट्या टाकून चित्र २.३९ केलं आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या २.३९ पट. भाषा मराठी, सबटायटल इंग्रजी. आणि फिल्मच्या मधोमध तो शॉट आहे: सासनकाठी नाचते आहे, हलगी चालू आहे आणि अख्खी फ्रेम उधळलेल्या गुलालानं भरली आहे.

हा शॉट बाजूला काढून ठेवा. त्याचे २० सेकंद आणि रात्रीच्या अंधाऱ्या शॉटचे १० सेकंद, असा अर्ध्या मिनिटाचा तुकडा वेगळ्या टाइमलाइनवर बनवा. प्रत्येक सेटिंग आधी या तुकड्यावर तपासायची, मग फिल्मवर लावायची. मुलाखतीचा शॉट कुठल्याही कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, चांगलाच दिसतो, त्यावरून काहीही कळत नाही.

आधी मास्टर, मग बाकी सगळं

टाइमलाइनवरून तीन वेळा तीन वेगळे एक्स्पोर्ट काढू नका. एकदाच मास्टर काढायचा आणि बाकीच्या फाइली त्याच्यापासून बनवायच्या. नाहीतर थिएटरच्या फाइलमध्ये एक दुरुस्ती असते, टीव्हीच्या फाइलमध्ये नसते, आणि दोन महिन्यांनी कुठली शेवटची हे कुणालाच सांगता येत नाही.

मास्टरसाठी मॅकवर प्रोरेस ४२२ एचक्यू आणि विंडोजवर डीएनएक्सएचआर एचक्यूएक्स घ्या. दोन्ही १० बिट ठेवतात आणि प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवतात. डीएनएक्सएचआरमध्ये एचक्यू आणि एचक्यूएक्स ही दोन नावं एकमेकांजवळ दिसतात. एचक्यू ८ बिटचं आहे, तेव्हा शेवटचं अक्षर पाहूनच निवडा.

आता पट्ट्यांचं. मास्टरमध्ये काळ्या पट्ट्या ठेवू नका. टाइमलाइनचं रिझोल्यूशनच ३८४० बाय १६०८ करा आणि फक्त चित्र बाहेर काढा. पट्टी हा चित्राचा भाग नाही, ती त्या-त्या पडद्याची गरज आहे, आणि ती गरज तिन्हीकडे वेगळी आहे. सबटायटलही मास्टरवर छापायचे नाहीत, ते एसआरटी फाइलमध्ये वेगळे ठेवायचे. नव्या मुलांच्या फिल्ममध्ये सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत बसवलेले सर्रास दिसतात. लॅपटॉपवर ते नीटनेटके वाटतात, पण थिएटरसाठी पट्टी कापली की त्यांच्यासकट कापली जाते. सबटायटल चित्राच्या आतच, खालच्या कडेपासून थोडं वर हवेत.

जागेचा हिशेब सोपा आहे. बिटरेट मेगाबिटमध्ये, त्याला सेकंदांनी गुणा, आठनं भागा, म्हणजे मेगाबाइट मिळतात. यूएचडी २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ एचक्यू साधारण ७३७ मेगाबिट प्रतिसेकंद घेतं. आपली उंची कमी असल्यानं तो आकडा साडेपाचशेच्या आसपास येतो. १८ मिनिटं म्हणजे १०८० सेकंद. फाइल ७५ जीबीच्या आसपास जाईल. दोन वेगळ्या ड्राइव्हवर दोन प्रती ठेवायच्या, म्हणजे दीडशे जीबी आधीच मोकळी करा.

वेब: इथे तुमची फाइल शेवटची नसते

यूट्यूबवर चढवलेली फाइल प्रेक्षक कधीच बघत नाही. यूट्यूब ती उघडतं, स्वतःच्या पद्धतीनं पुन्हा दाबतं, आणि ती दाबलेली प्रत दाखवतं. तुमचं काम एवढंच, की त्यांच्याकडे जाणारी प्रत आधीच थकलेली नसावी.

गुलाल इथे का अडतो ते समजून घ्या. एच.२६४ सारखा कोडेक प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम ठेवतो आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय हललं, काय बदललं तेवढं लिहितो. भिंतीसमोर बसलेला माणूस बोलत असेल तर बदल थोडा, म्हणून कमी बिटमध्ये भागतं. गुलाल उडाला की फ्रेममधला प्रत्येक कण सेकंदाच्या दर पंचविसाव्या भागाला नव्या जागी असतो. मागच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काहीच उरत नाही आणि ठरलेल्या बिटमध्ये सगळं बसवायला कोडेक बारीक तपशील टाकून देतो. मग गुलालाच्या जागी चौकोनी गुलाबी ठोकळे दिसतात.

२४ ते ३० फ्रेमच्या फिल्मसाठी यूट्यूबची स्वतःची शिफारस एचडीला ८ मेगाबिट आणि यूएचडीला ३५ ते ४५ मेगाबिटची आहे. आपल्या फिल्मला एचडीचे ८ पुरणार नाहीत. तुमचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा ८ वर आणि ४० वर काढून शेजारी ठेवा, फरक डोळ्यांनी दिसेल. माझा सल्ला: यूएचडीच चढवा, सरासरी ४० च्या आसपास. यूट्यूब यूएचडी प्रतीला जास्त बिट देतं, त्यामुळे गुलाल तिथेही जरा बरा टिकतो. ४० मेगाबिटवर १८ मिनिटं म्हणजे ५.४ जीबी. घरच्या लाइनचा अपलोड वेग २० मेगाबिट असेल तर साधारण ३६ मिनिटं लागतील.

एफएफएमपेग हे कमांड टाइप करून चालवायचं मोफत सॉफ्टवेअर वापरता येत असेल तर मास्टरपासून वेबची फाइल अशी काढा:

```
ffmpeg -i master.mov -c:v libx264 -preset slow \
 -crf 18 -maxrate 60M -bufsize 120M -pix_fmt yuv420p \
 -color_primaries bt709 -color_trc bt709 -colorspace bt709 \
 -c:a aac -b:a 384k -ar 48000 \
 -movflags +faststart web.mp4
```

यात `-crf 18` म्हणजे ठरावीक बिटरेटऐवजी ठरावीक दर्जा मागणं. मुलाखतीला कोडेक कमी बिट देतो, गुलालाला जास्त, आणि `-maxrate` त्याला ६० च्या वर फार जाऊ देत नाही. रंगाचे तीन `bt709` विसरू नका. ते नसले तर वेगवेगळे प्लेअर रंगाचा अंदाज स्वतः लावतात आणि गुलाल एका ठिकाणी फिका, दुसरीकडे गडद दिसतो.

पट्ट्यांबद्दल: वेबवर ३८४० बाय १६०८ तशीच चढवा. प्लेअर लागतील तेवढ्या पट्ट्या स्वतः लावतो. हल्लीचे फोन १६:९ पेक्षा लांबट असतात. पट्ट्या छापलेली फिल्म त्यावर लावली की वरखाली तुमच्या पट्ट्या, डावीउजवीकडे फोनच्या, आणि मधे आगपेटीएवढं चित्र. सबटायटल एसआरटी म्हणून वेगळे जोडा.

अंधाऱ्या शॉटमध्ये बघायचं ते वेगळं. रात्रीच्या डोंगरावरच्या आकाशात रंगाच्या पायऱ्या पडलेल्या दिसल्या तर तो ८ बिटचा परिणाम असतो, आणि नुसता बिटरेट वाढवून तो क्वचितच जातो. त्या शॉटवर मास्टरमध्येच अगदी हलकं ग्रेन, म्हणजे फिल्मसारखे बारीक दाणे टाका, पायऱ्या मोडतात.

फेस्टिव्हल: डीसीपी

फेस्टिव्हलची निवड लिंकवर होते, तिथे एचडी फाइल पुरते. निवड झाल्यावर मात्र डीसीपी मागतात, आणि नव्या माणसाला सगळ्यात जास्त इथेच धडकी भरते. त्याची गरज नाही. डीसीपी म्हणजे एक फोल्डर. त्यात चित्राची एक एमएक्सएफ फाइल, आवाजाची एक, आणि सर्व्हरला काय कुठे आहे ते सांगणाऱ्या काही छोट्या एक्सएमएल फाइली. चित्र जेपेग २००० मध्ये, १२ बिट, प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. म्हणून गुलाल थिएटरमध्ये सगळ्यात छान दिसतो: इथे मागच्या फ्रेमवर काहीच अवलंबून नसतं.

डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. मास्टर आत टाका आणि पहिला निर्णय घ्या कंटेनरचा. थिएटरला दोनच मुख्य आकार कळतात. फ्लॅट, म्हणजे २के मध्ये १९९८ बाय १०८०. आणि स्कोप, म्हणजे २०४८ बाय ८५८. आपलं चित्र २.३९ आहे, तेव्हा स्कोप. ३८४० बाय १६०८ हे लहान करून २०४८ बाय ८५८ मध्ये जवळपास तंतोतंत बसतं.

पट्ट्यांसकट काढलेली १६:९ ची फाइल फ्लॅटमध्ये टाकली तर काय होतं ते पाहा. १९२० रुंदीच्या चित्राला १९९८ च्या कंटेनरमध्ये दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलची काळी पट्टी येते, वरखाली तुमच्या स्वतःच्या पट्ट्या आधीच आहेत, आणि चारी बाजूंनी काळ्या चौकटीत फिल्म पडद्याच्या मधे तरंगते. हातात फक्त अशीच जुनी फाइल असेल तर डीसीपी-ओ-मॅटिकच्या क्रॉपमध्ये यूएचडीसाठी वर २७६ आणि खाली २७६ टाका, मग स्कोप निवडा. सबटायटल पट्टीत छापलेले असतील तर ते इथेच जातील, एवढं लक्षात ठेवा. आणि फिल्म मुळात पूर्ण १६:९ ची असेल तर फ्लॅटमध्ये त्या ३९ पिक्सेलच्या पट्ट्या तशाच राहू द्या. त्या कुणालाही खुपत नाहीत, चित्र ताणलेलं मात्र लगेच खुपतं.

दुसरा निर्णय फ्रेमरेटचा, आणि तो पहिल्यापेक्षा अवघड आहे. डीसीपीचे दोन प्रकार आहेत: जुना इंटरॉप आणि नवा एसएमपीटीई. इंटरॉपमध्ये साधारणपणे २४ च चालतं, एसएमपीटीईमध्ये २५ ला जागा आहे. म्हणून फेस्टिव्हलला लेखी विचारा: "२५ फ्रेमची एसएमपीटीई डीसीपी तुमच्या प्रोजेक्शनवर चालेल का?" चालेल म्हणाले तर २५ च ठेवा, फिल्मला हात लागत नाही.

२४ च पाहिजे असेल तर फ्रेम गाळू नका आणि दोन फ्रेम मिसळणारी सेटिंगही लावू नका. सासनकाठी नाचताना काठी दुहेरी दिसेल. बरोबर रस्ता म्हणजे त्याच सगळ्या फ्रेम २४ च्या वेगानं दाखवणं. १८ मिनिटांची फिल्म १८ मिनिटं ४५ सेकंदांची होते. डीसीपी-ओ-मॅटिक हे स्वतः करतं आणि आवाजही तेवढाच हळू करतं. त्यात सूर जवळजवळ पाऊण अर्धस्वरानं उतरतो. माणसाच्या बोलण्यात हे फारसं जाणवत नाही, गाण्यात जाणवतं. सूर न उतरवता आवाज लांबवता येतो, पण त्यात हलगीच्या थापेची धार बोथट होते. आपल्या फिल्ममध्ये हलगी मुख्य आहे, म्हणून मी सूर थोडा उतरू देईन. गायकाच्या अभंगावर फिल्म असती तर उलट केलं असतं.

बिटरेटची २के ला वरची मर्यादा २५० मेगाबिट आहे. २५० लावायलाच पाहिजे असं नाही. आपल्या फिल्मसाठी १५० ते २०० पुष्कळ झाले. १५० वर फाइल २० जीबीच्या आसपास येते आणि जुना सर्व्हरही ती न अडखळता चालवतो.

आवाज स्टीरिओ असेल तर फक्त डाव्या-उजव्या स्पीकरवर जातो. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला मग सगळं बोलणं त्याच्या जवळच्या स्पीकरमधून ऐकू येतं, पडद्यावरच्या माणसाच्या तोंडातून नाही. शक्य असेल तर साउंडवाल्याकडून ५.१ मिक्स घ्या, ज्यात बोलणं मधल्या स्पीकरवर असेल.

फेस्टिव्हलसाठी इंग्रजी सबटायटल चित्रावर छापूनच द्या. डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये एसआरटी टाकून छापण्याचा पर्याय आहे. सर्व्हरवर सबटायटल चालू करायचे राहून जाणं हा प्रकार छापलेल्या सबटायटलला होतच नाही.

फोल्डर तयार झाला की त्यातल्या कुठल्याही फाइलचं नाव बदलू नका. एक्सएमएलमध्ये तीच नावं लिहिलेली असतात; नाव बदललं की सर्व्हर फिल्म घेत नाही. डीसीपी-ओ-मॅटिक बाहेरच्या फोल्डरला एक लांबलचक नाव देतं, साधारण `Sasankathi_SHR_S_MR-...` असं. त्यात `SHR` म्हणजे लघुपट आणि `S` म्हणजे स्कोप. तिथे `F` दिसला तर कंटेनर फ्लॅट राहिला आहे, परत जा. ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी३ मध्ये फॉरमॅट केलेला सगळ्यात खात्रीचा. एनटीएफएस बऱ्याच ठिकाणी चालतो. एक्सफॅट अनेक सर्व्हर वाचत नाहीत. फिल्मला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन बंदच ठेवा, नाहीतर प्रत्येक थिएटरसाठी वेगळी डिजिटल किल्ली बनवत बसावं लागेल.

आणि पाठवण्याआधी एकदा खऱ्या पडद्यावर बघा. गावातल्या थिएटरच्या मॅनेजरांना आधी भेटून, सकाळच्या पहिल्या शोच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटं मागा. प्रोजेक्शनवाल्या दादांसोबत बसून चारच गोष्टी पाहायच्या: चित्र कडेपर्यंत जातंय का, सबटायटल पूर्ण दिसतात का, काळा खरंच काळा आहे की राखाडी, आणि बोलणं मधून येतंय का. काळा राखाडी दिसला तर बहुतेक वेळा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला लिहिण्याच्या दोन पद्धतींची, व्हिडिओ रेंज आणि फुल रेंज यांची, मास्टरमध्ये गफलत असते. डीसीपी-ओ-मॅटिकमध्ये त्या क्लिपची रेंज तपासा. अख्ख्या चित्रावर हिरवट किंवा फिकट झाक असेल तर रंगरूपांतर चुकलं आहे. थिएटरचा रंग एक्सवायझेड पद्धतीचा असतो, आणि ते रूपांतर एकदाच व्हायला हवं.

टीव्ही: इथे बिटरेट तुमच्या हातात नाही

चॅनेल एक स्पेसिफिकेशनचा कागद देतं. तो मागा, आणि त्यात जे लिहिलंय तेच करा. इथे "जास्त चांगलं" म्हणून काही नसतं. एचडी चॅनेलना नेहमी लागणारा प्रकार म्हणजे एमएक्सएफ ओपी१ए मध्ये एक्सडीकॅम एचडी ४२२: १९२० बाय १०८०, ५० मेगाबिट, ५०आय म्हणजे सेकंदाला फील्ड नावाच्या ५० अर्ध्या फ्रेम, वरची फील्ड आधी, आवाज २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. आपली २५ फ्रेमची फिल्म ५०आय मध्ये बिनधोक जाते. प्रत्येक फ्रेमच्या दोन फील्ड होतात, दोन्ही एकाच क्षणाच्या, त्यामुळे हालचालीत दाते पडत नाहीत. टाइमकोड बहुतेकदा `10:00:00:00` ला सुरू करायला सांगतात.

फ्रेम इथे पूर्ण १०८० ची लागते, म्हणून पट्ट्या आता छापायच्या. चित्र १९२० बाय ८०४, वर १३८ आणि खाली १३८. काही चॅनेलना पट्ट्या नको असतात. अशा वेळी चित्र ताणू नका किंवा बाजूनं कापू नका. तुम्ही शूट १६:९ मध्येच केलं आहे. मूळ प्रोजेक्टमध्ये पट्ट्या काढून वरखालचा झाकलेला भाग मोकळा करा आणि प्रत्येक शॉट बघून घ्या, कुठे माइकची काठी डोकावते का. सासनकाठीच्या फिल्मला खरं तर हे मानवतं, काठीचा शेंडा दिसायला लागतो.

एक्सडीकॅम हा एमपेग-२ आहे, एच.२६४ पेक्षा जुना, आणि तोही मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल लिहितो. गुलालाचा शॉट ५० मेगाबिटवरही फुटू शकतो. बिटरेट वाढवता येत नाही, तेव्हा चित्रच सोपं करावं लागतं: फक्त टीव्हीच्या प्रतीत, फक्त त्या शॉटवर, ग्रेन काढा आणि हलका नॉइज रिडक्शन लावा. तुकडा पुन्हा काढून बघा. ठोकळे गेले की थांबा. आणखी लावलं तर गुलालाचा रंगीत धूर होतो.

गुलालाची दुसरी अडचण रंगाची. इतका भडक गुलाबी टीव्हीच्या मान्य मर्यादेबाहेर सहज जातो आणि चॅनेलचं मशीन फाइल परत पाठवतं. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनच्या आर१०३ नुसार आर, जी, बी प्रत्येकी उणे ५ ते १०५ टक्क्यांत हवेत. सॉफ्टवेअरच्या व्हिडिओ स्कोपवर आरजीबी परेड, म्हणजे तिन्ही रंगांचे आलेख लावून तो शॉट चालवा. लाल रंगाचा आलेख वर टेकून सपाट झालेला दिसेल. पूर्ण फिल्मची सॅच्युरेशन उतरवू नका. गुलाबी रंग निवडून तेवढाच खाली आणा. शेवटी लिमिटर लावा, पण तो सुटे कण पकडण्यासाठी. सगळं काम त्याच्यावर टाकलं तर गुलालाचे सपाट डाग पडतात.

आवाजाचं माप लाउडनेसमध्ये, म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्यात. त्याच युनियनच्या आर१२८ प्रमाणे सरासरी उणे २३ एलयूएफएस आणि शिखर उणे १ डेसिबल ट्रू पीकच्या खाली. चॅनेलच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. तपासायला:

```
ffmpeg -i master.mov -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी छापून येणाऱ्या ओळींत `I:` समोरचा आकडा बघा. आपल्या फिल्ममध्ये हलगी आणि "चांगभलं"चा गजर सरासरी वर खेचतात, आणि पूर्ण फिल्म उणे २३ ला आणली की मुलाखती हळू पडतात. म्हणून साउंडवाल्याला सांगून आधी यात्रेचे भाग दोन-तीन डेसिबल खाली घ्या, मग पूर्ण मिक्स उणे २३ वर आणा. दिवाणखान्यात टीव्ही बघणाऱ्या आजींना बोलणं ऐकू आलं पाहिजे.

चॅनेलचा क्यूसी, म्हणजे दर्जा तपासणीचा, रिपोर्ट टाइमकोडसह येतो. त्यात चित्राची किंवा आवाजाची मुळातली चूक सापडली, म्हणजे काळी फ्रेम, आवाजातला टक्क असा खडा किंवा सबटायटलमधलं चुकीचं नाव, तर ती मास्टरमध्ये किंवा एसआरटीत दुरुस्त करून तिन्ही फाइली नव्यानं काढा. रंगाची मर्यादा किंवा लाउडनेससारखी फक्त टीव्हीची तक्रार असेल तर टीव्हीच्याच प्रतीत दुरुस्ती करा आणि फाइलच्या नावापुढे `v2` लिहा.